आधी वेळेचा कॉलम

“गच्चीवरच्या सेन्सरचा आलेख सरळ सांगतोय की तापमान उतरतंय. मग तुम्ही आकडे सोडून वेळेचाच कॉलम काय बघत बसता?”

कारण नागपुरात ऐन नवतप्यात भर दुपारी लाइन जाते, आणि लाइन गेली की लॉगरही बंद. म्हणजे गळतात त्या नेमक्या सगळ्यात तापलेल्या नोंदी.

एक दिवस मांडून दाखवतो, आकडे हिशेबाला सोपे घेतलेत. दर 10 मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला 144. दुपारी 12 ते 3 लाइन नव्हती, 18 नोंदी गेल्या. त्याच पहाटे 2 ते 5 चा गठ्ठा लॉगरने पाठवला, पण पोच आली नाही म्हणून पुन्हा पाठवला. 18 नोंदी दुबार झाल्या. बेरीज बरोब्बर 144! नुसत्या ओळी मोजणाऱ्याला सगळं आलबेल दिसणार.

आता खरी सरासरी 36 अंश होती असं धरा. हरवलेल्या नोंदी सरासरी 44 च्या आणि दुबार झालेल्या 30 च्या असतील, तर हाती 34.25 येते. पावणेदोन अंशांचा गारवा, हवेत कुठेही नसलेला. अशा दुपारी महिनाअखेरीस वाढल्या की आलेख उतरणारच.

म्हणून फाइल pandas मध्ये `df` नावाने उघडायची, `time` कॉलम मजकूर न ठेवता datetime करून घ्यायचा, आणि नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमात, आधी सॉर्ट न करता, लागोपाठच्या वेळांतला फरक काढायचा:

```python
print(df["time"].diff().value_counts())
```

वरच्या दिवसाला 10 मिनिटांचा फरक 141 वेळा दिसेल, `0 days 03:10:00` एकदा आणि `-1 days +21:10:00` एकदा. हा शेवटचा विचित्र दिसतो, पण तो फक्त उणे 2 तास 50 मिनिटं आहे: 4:50 नंतर गठ्ठा पुन्हा 2:00 पासून सुरू झाला. आधीच सॉर्ट केलं असतं तर वेळ मागे गेल्याची ही खूण पुसली गेली असती.

दुबार ओळी काढणं सोपं, पण तेवढ्याने भागत नाही. त्या काढल्यावरही सरासरी 34.86 च येते, कारण दुपार अजून गायबच आहे. 11:50 आणि 3:00 च्या नोंदी सरळ रेषेने जोडल्या तर मधलं शिखर कापलं जातं. एखाददुसरी नोंद गेली असेल तर मी तशी भरतो, तीन तास भरत नाही. त्या दिवसाची सरासरी रिकामी ठेवतो. कल बघायचाच असेल तर रोज पूर्ण नोंदी असलेले तास, समजा सकाळी 6 ते 11, एकमेकांशी ताडतो. त्यातून दुपारबद्दल काही कळत नाही, हे मात्र आलेखाखाली लिहावं लागतं.

वेळ तीच पण तापमान वेगळं, अशा जोड्या निघाल्या तर दोन्हींची सरासरी काढून मोकळं होऊ नका. तिथे बहुधा लाइन आल्यावर लॉगरचं घड्याळ मागे गेलेलं असतं. मग घड्याळ पुन्हा बरोबर लागेपर्यंतच्या सगळ्याच नोंदी संशयित, एकुलत्या एक दिसणाऱ्यासुद्धा.