माळकरी माणसाचा गुडघा

आषाढी द्वादशीची पहाट होती. पाच वाजून गेले असतील. दवाखान्यासमोर टेम्पो थांबला आणि दोघांनी खांद्याचा आधार देत एका माणसाला आत आणलं. उजवा पाय जमिनीला टेकत नव्हता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर पुसट झालेला बुक्का. वय ४८, धंदा दुधाचा टँकर चालवण्याचा. गावात त्यांना सगळे माउली म्हणतात, मीही तेच म्हणतो.

उजवा गुडघा टम्म सुजला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती. मी हात पुढे केला तशी त्यांनी चादर मुठीत गच्च धरली. पंख्याचा वारासुद्धा पायावर नको म्हणाले. अंगात ताप होता, १००.६. रात्री दीडपर्यंत काहीच नव्हतं, मग झोपेतून कुणी घण घातल्यासारखे उठलो, असं सांगत होते.

मी सुई-सलाइनची तयारी करत होतो तेव्हा त्यांच्या पत्नी माझ्यामागे आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगा, हे बाहेर चोरून पितात का? शेजारच्या बाई म्हणाल्या, हा दारू-मटणवाल्यांचा आजार आहे."

त्या प्रश्नाने माझं काळीज हललं. वीस वर्षं माळ घातलेल्या माणसाकडे घरातली माणसं दोन वर्षं संशयाने बघत होती, आणि त्यात माझाही वाटा होता. त्यांचा जुना केसपेपर काढला. तीन वर्षांपूर्वी पायाचा अंगठा असाच एका रात्रीत सुजला म्हणून ते माझ्याकडेच आले होते. त्याच दिवशी रक्त तपासलं, युरिक अॅसिड ५.९ आलं. मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'युरिक अॅसिड नॉर्मल, मुरगळल्यासारखं.' पुढच्या वर्षी पुन्हा अंगठा धरला तेव्हा ते दुसरीकडे गेले. तिथे दुखणं ओळखलं गेलं, गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडचे खडे सांध्यात बसून होणारा आजार, पण हातात पथ्याचा कागद आला : डाळ, पालक, टोमॅटो, दही, सगळं बंद. सोबत युरिक अॅसिड उतरवणाऱ्या अॅलोप्युरिनॉलच्या महिनाभराच्या गोळ्या होत्या. त्या संपल्या, दुखत नव्हतं, म्हणून पुन्हा आणल्या नाहीत. पथ्य मात्र दोन वर्षं निष्ठेने पाळलं.

त्या पहाटे मला दोन गोष्टींची भीती होती. एकच सांधा सुजलाय आणि ताप आहे, तर आत पू असू शकतो. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा खराब होते. आणि आधी गाऊट झालेल्याला पू होत नाही असं नाही, दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून अंदाजावर न जाता मी गुडघ्यातून पाणी काढलं. पस्तीस मिलिलिटर निघालं, पिवळट आणि गढूळ, ताकात हळद पडल्यासारखं. त्यांना दाखल केलं, ओपीडी सहकाऱ्यावर सोपवली आणि नमुना घेऊन मी स्वतः जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजिस्ट मित्राकडे गेलो. त्याच्याकडे ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप आहे, आमच्या गावात नाही.

त्याने काच लावली, भिंगातून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून मला जागा दिली. काळ्याशार पार्श्वभूमीवर सुया चमकत होत्या. बारीक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. काही तर पांढऱ्या पेशींच्या आरपार गेलेल्या. मित्राने रंगाची पट्टी आत सरकवली आणि काच हळूहळू फिरवली. पट्टीच्या दिशेला समांतर असलेली सुई पिवळी दिसली, तीच आडवी झाली की निळी. युरेटच्या, म्हणजे युरिक अॅसिडच्या, खड्यांची हीच खूण. जंतूंच्या रंगचाचणीत काही दिसलं नाही आणि दोन दिवसांनी कल्चरमध्येही काही वाढलं नाही.

त्याच सकाळी काढलेल्या रक्तात युरिक अॅसिड किती होतं? ६.१. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं. गुडघा खड्यांनी भरलेला आणि कागद स्वच्छ. तीन वर्षांपूर्वीची माझी चूक तंतोतंत समोर आली.

झटका आलेला असताना, शरीरात दाह पेटलेला असताना, मूत्रपिंड युरिक अॅसिड जास्त बाहेर टाकतं आणि रक्तातला आकडा काही दिवस खाली उतरतो. म्हणून झटक्याच्या दिवशीचा नॉर्मल आकडा गाऊट नसल्याचा पुरावा नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. माउलींचं तीन आठवड्यांनी आलं ९.४.

त्यांना हे मी मधाचं उदाहरण देऊन सांगितलं. बरणीतला मध उन्हाळ्यात पातळ असतो, थंडीत तळाशी रवाळ होतो. रक्तात युरेट साधारण ६.८ पर्यंत विरघळलेलं राहतं. त्यापुढे वर्षानुवर्षं राहिलं की ते सांध्यात साखरेच्या रव्यासारखं बसू लागतं, आणि थंड जागी लवकर बसतं. पायाचा अंगठा शरीराचं सगळ्यात थंड टोक, म्हणून बहुतेकांचा पहिला झटका तिथेच. खडे गप्प बसलेले असतात तोवर कळतही नाही. काहीतरी निमित्त होतं, त्यातले थोडे सुटतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि काही तासांत आग होते. उलटही खरं आहे. आकडा ७ किंवा ८ आहे आणि कधीच काही दुखलेलं नाही, अशा कितीतरी माणसांना गाऊट होतच नाही. नुसत्या आकड्यावर गोळ्या सुरू करणं मला पटत नाही.

मग निमित्त काय झालं? माउली दशमीला वाखरीपासून चालले, एकादशीला दर्शनबारीत उभे राहिले. निर्जळी धरलेली, आणि रांगेतून लघवीला बाहेर पडायला नको म्हणून आदल्या दिवशीही पाणी तोडलेलं. उपाशी शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी आम्लं मूत्रपिंडात युरेटची वाट अडवतात. वरून पाणी कमी, घाम जास्त. दारूचा थेंबही न घेता झटका यायला एवढं पुरेसं होतं.

पण निमित्त वेगळं आणि मूळ वेगळं. शरीरातलं बहुतेक युरिक अॅसिड ताटातून येत नाही, आपल्याच पेशी मोडून तयार होतं. बहुतेक रुग्णांत दोष असतो तो बाहेर टाकण्याचा, आणि त्यात आईवडिलांकडून आलेला वारसा मोठा. माउलींच्या वडिलांचाही अंगठा 'वाताने' वाकडा झाला होता, हे त्या दिवशी विचारल्यावर कळलं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. ते युरिक अॅसिड वाढवतं. गोळी मीच चार वर्षांपूर्वी लिहून दिली होती आणि पहिल्या झटक्याला तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी ती बदलून लोसार्टन दिलं. रक्तदाबही सांभाळला जातो आणि युरिक अॅसिड थोडं उतरतं. हृदयविकारासाठीची लहान अॅस्पिरिनही ते थोडं वाढवते, पण ती चालू असेल तर परस्पर बंद करायची नाही.

दुपारी त्यांच्या पत्नींना समोर बसवून मी आधी एवढंच सांगितलं, की यांनी चोरून काही प्यायलेलं नाही. त्या पदराने डोळे टिपत राहिल्या. मग पथ्याचा कागद घेतला आणि एकेक ओळ खोडत गेलो. तूरडाळ, मूग, पालक, टोमॅटो. ज्यातून युरिक अॅसिड तयार होतं ते प्युरीन डाळींत असतं, पण भाज्या आणि कडधान्यांतल्या प्युरीनमुळे गाऊट वाढलेला मोठ्या पाहण्यांत दिसला नाही. मांस आणि मासळीने वाढतो, दूध-दह्याने उलट कमी होतो. हा माणूस दोन वर्षं भाकरी, लोणचं आणि तिखटावर राहिला होता, मांड्या सुकल्या होत्या. "आज रात्री वरण करा," मी म्हणालो.

त्यांच्या बाबतीत खरा दोष होता तो टँकरच्या केबिनमध्ये. झोप येऊ नये म्हणून रोज दोन बाटल्या गोड थंड पेय. साखरेतला फ्रुक्टोज यकृतात फुटताना थेट युरिक अॅसिड तयार होतं. त्याला कुणी पथ्यात धरलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, कुणाच्या सांगण्यावरून ते रोज सकाळी लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा घेत होते. त्याने गुडघ्यातले खडे विरघळत नाहीत, रक्तदाबवाल्याच्या पोटात मिठातलं सोडियम मात्र जातं. तेही बंद केलं. हेही स्पष्ट सांगितलं, की सगळं पथ्य काटेकोर पाळलं तरी आकडा साधारण एकाने उतरतो. ९.४ चे ८.४ होतील, आणि ते पुरेसं नाही.

झटक्यासाठी त्या दिवशी बर्फ आणि कोल्चिसिन दिलं होतं : आधी एक मिलिग्रॅम, तासाने अर्धा. कल्चर स्वच्छ आल्यावर पाच दिवस प्रेडनिसोलोन. कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असतं, पण तो कंद कुणी उगाळून घेऊ नये. जीवघेणा ठरतो.

तीन आठवड्यांनी अॅलोप्युरिनॉल सुरू केलं, १०० मिलिग्रॅम. सोबत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन, सहा महिन्यांसाठी. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, तर त्याच क्षणी गोळी बंद करून यायचं, हे दोनदा बजावलं. दुसऱ्या महिन्यात ते लंगडत आले आणि चिडले होते. "गोळीनेच अंगठा दुखला. बंद करतो."

मी खडूने फळ्यावर खड्यांचा ढीग काढला आणि तो कडेने पुसत गेलो. ढीग झिजताना कडेचे खडे सुटतात, ते टोचतात. गोळी चालू असताना झटका आला तर झटक्याचा इलाज वेगळा करायचा, गोळी सोडायची नाही. दोन वर्षांपूर्वी सोडली तिथेच ढीग पुन्हा वाढला होता. ते बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. गोळी सोडली नाही.

मात्रा २०० केली, मग ३००. आकडे उतरत गेले : ७.८, ६.६, ५.४. ध्येय सहाच्या खाली, कारण तिथे रक्तात जागा उरते आणि बसलेले खडे पुन्हा विरघळू लागतात.

पहिल्या दिवशी त्यांच्या उजव्या कानाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरट गाठ दिसली होती. ते तिला पुटकुळी समजत होते. ती युरेटचीच. दर भेटीला मी ती बोटाने चाचपतो. यंदाही ते आषाढीला गेले, एकादशी केली, पण पाणी पीत राहिले, आणि द्वादशीला स्वतः टँकर चालवत दवाखान्यात आले. आकडा ५.२. "आता तरी बंद करायची का गोळी?" त्यांनी विचारलं. मी कान धरला. दाणा अजून होता, निम्मा झालेला. त्यांचंच बोट त्यावर ठेवलं आणि पुढच्या तीन महिन्यांची चिठ्ठी लिहिली.