एकाहत्तर टक्क्यांचा हॉल

नौपाड्यात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. सध्या अर्धा धंदा रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर चालतो. आजूबाजूची जुनी इमारत रिकामी होण्याआधी तिची फाईल आमच्या काचेवरून जाते, त्यामुळे कोणाचं कुठवर आलंय ते मला सेक्रेटरीइतकंच ठाऊक असतं.

मागच्या आठवड्यात एक काका तणतणत आत आले. हातात नव्या इमारतीच्या प्लॅनची ए-फोर झेरॉक्स आणि नातवाची फूटपट्टी. "ताई, बिल्डरनं आमचा हॉल अर्धा केला. तुम्हीच बघा मोजून."

मी मोजलं. कागदावर हॉल 34 मिलिमीटर बाय 21. खाली ठळक लिहिलेलं, स्केल 1:100. म्हणजे 3.4 मीटर बाय 2.1, म्हणजे जेमतेम 77 चौरस फूट. मीटिंगमध्ये सांगितले होते 155. खोलीतले आकडे वाचता आले असते तर प्रश्नच नव्हता, पण ते मुंगीएवढे झाले होते आणि त्यावर शिक्का बसला होता.

कागद उलटून बघितला आणि पोटात गोळा आला. झेरॉक्स आमच्याच मशीनची होती, ड्रमवरच्या ओरखड्याची बारीक रेघ मी कुठेही ओळखते. सेक्रेटरींनी ए-थ्री प्लॅन आणून "सगळ्यांना छोट्या कॉप्या द्या" म्हटलं होतं आणि आमच्या पोरानं `A3 → A4 71%` हे बटण दाबलं होतं. त्याची चूक म्हणता येत नाही. दिवसातून पन्नास वेळा तेच बटण दाबतो.

हे 71 टक्के लांबीचे असतात, हे गिऱ्हाइकांच्या ध्यानात येत नाही. ए-थ्री मधोमध दुमडला की ए-फोर होतो, म्हणजे कागद निम्मा. पण निम्मा कागद करायला बाजू निम्मी करायची नसते. लांबीही 71 टक्के होते, रुंदीही 71 टक्के, आणि 0.71 गुणिले 0.71 म्हणजे जवळपास 0.5. काकांचा हॉल बिल्डरनं नाही, आमच्या बटणानं निम्मा केला होता. "छोट्या"मध्ये 50 टक्के दाबलं असतं तर हॉल पाव उरला असता. स्केल 1:100 ही अक्षरं मात्र तशीच राहतात. आकाराने लहान होतात, पण खोटं तेच सांगतात.

काकांनी गणित चटकन पकडलं, पण अर्धंच. "म्हणजे 77 ला 0.71 ने भागायचं," असं म्हणून 108 काढले. "आता तरी 47 फूट खाल्लेच ना?" क्षेत्रफळाला दोनदा भागावं लागतं, एकदा लांबीसाठी आणि एकदा रुंदीसाठी, हे सांगून त्यांना पटेना. म्हटलं, मोठा करूनच दाखवते.

आणि इथे मी माती खाल्ली. 29 टक्के कमी झालंय ना, मग 29 वाढवू, म्हणून 129 टक्के टाकलं. अठरा वर्षं हा धंदा करतेय. हॉल आला 44 बाय 27, म्हणजे 128 चौरस फुटांच्या आसपास. काका माझ्याकडे बघतात, मी कागदाकडे.

वाचवलं प्लॅनच्या कोपऱ्यातल्या पट्टीनं. शहाणा आर्किटेक्ट नुसतं 1:100 लिहून थांबत नाही, शून्य ते 5 मीटर अशी एक पट्टीही काढतो. ती चित्राबरोबर लहानमोठी होते, म्हणून ती खरं बोलते. ती 50 मिलिमीटर हवी होती, माझ्या कॉपीत 46 भरली. तेव्हा डोक्यात उजेड पडला: कमी केलेले 29 हे मूळ लांबीचे होते, मी वाढवत होते आधीच लहान झालेल्या लांबीचे. एक भागिले 0.71 म्हणजे 1.41. मशीनवर ते बटणही आहे, ए-फोरवरून ए-थ्री, 141 टक्के. दाबलं. पट्टी 50, हॉल 48 बाय 30. रेघा जाडसर आल्या, पण 155 चौरस फूट जिथल्या तिथे.

काका शांत झाले. पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत. जाताना सहज म्हणाले, "पण ताई, अशा चोवीस कॉप्या वाटल्यात आमच्याकडे."

आता लहान केलेल्या प्रत्येक प्लॅनवर मी स्केलच्या आकड्यावर काट मारते आणि लाल पेनानं "पट्टीनं मोजा" लिहिते. एका इंजिनीयर गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, कागद खराब का केला म्हणून. ते चोवीस आधीच गेलेत. त्यातला एकच परत आला. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "अहो, कोण मोजत बसतंय?"