मुदतवाढीचा मेल

"मॅडम, आठ दिवस जादा मिळतील का, माझा मुद्दाच खोटा निघालाय." राजारामपुरीत भाजी घेताना मोबाईलवर हा मेल वाचला आणि तिथंच थांबले.

पोरीचा टर्म पेपर सुरुवातीच्या चर्चच्या इतिहासावर. इ.स. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाईननं बायबलची पुस्तकं ठरवली असं तिनं नेटवर सगळीकडे वाचलेलं, त्यावर अर्धा पेपर लिहूनही झालेला. मग तळटीप द्यायची म्हणून तिनं परिषदेचे नियमच उघडले. एकूण २०. बिशप कसा नेमायचा, छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत कसं घ्यायचं, व्याजानं पैसे देणाऱ्या पाद्र्याला काढून टाका, रविवारी प्रार्थनेत गुडघे टेकू नका... पुस्तकांची यादी कुठंच नाही.

खरंच नाहीये. तिथं मुख्य भांडण एरियस नावाच्या पाद्र्याच्या मताचं होतं, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा की देवानं निर्माण केलेला. बायबलच्या नव्या करारातली आजची २७ पुस्तकं, तेवढीच आणि नेमकी तीच, आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती अथेनेशियसच्या ३६७ च्या ईस्टरच्या पत्रात, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि तीही अलेक्झांड्रियाच्या एका बिशपची यादी, लगेच सगळीकडे लागू झाली असंही नाही.

आजारपण, घरातलं लग्न, लाईट गेली ही कारणं नेहमीची, आणि खरीही असतात. पण मूळ कागद वाचला म्हणून वेळ पाहिजे, असं कोण मागतं हो?

मुदत लगेच दिली. आता नियमाप्रमाणं उशिरा आलेल्या पेपरचे मार्क कापायचे असतात, ते हिचेही कापायचे का?