बुवांच्या आधी पडदा

मंडळाच्या भजनसंध्येला पडद्यावर शब्द दाखवायचं काम माझ्याकडे असतं. या वेळीही फाइल आली ती नेहमीसारखीच: गाथेतून जसेच्या तसे उचललेले अभंग, एका स्लाइडवर एक अख्खा अभंग आणि मागे पेटलेल्या समयांचा फोटो. ज्योतीवर आलेलं पांढरं अक्षर दिसेनासं होतं, हे मंडळाला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

मी फोटो काढून गडद निळी सपाट पार्श्वभूमी घेतली आणि अक्षर फिकट पिवळसर केलं. सभागृहात दिवे मंद असतात, त्यामुळे पांढरी पार्श्वभूमी ठेवली की पुढच्या रांगांच्या डोळ्यांवर उजेड येतो. अक्षर ५४ पॉइंटचं, जाड. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते, म्हणजे एक ओळ उंचीचा दहावा भाग घेते. सहा फूट उंच पडद्यावर तो सात इंचांच्या वर जातो, पण त्यात वेलांटी-रफाराची आणि खालच्या उकारांची जागाही आली; प्रत्यक्ष अक्षर त्याच्या निम्म्याच्या आसपास उरतं. म्हणून इंग्रजीला पुरणारा आकार देवनागरीला पुरत नाही, आणि ओळींमधलं अंतरही सैल ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. खालचा चौथा भाग मी रिकामाच सोडतो. तिथे फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

खरं डोकं लागतं ते ध्रुवपदाला. ‘सुंदर ते ध्यान’ घ्या. गाथेत ॥ध्रु॥ अशी खूण आहे ती दुसऱ्या कडव्यावर, ‘तुळसीहार गळां’वर. आमचे बुवा मात्र परततात ते पहिल्या ओळीवर, ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’वर. छापील खुणेप्रमाणे स्लाइड लावल्या असत्या, तर प्रत्येक परतीला पडदा एक म्हणाला असता आणि सभागृह दुसरंच. चाल कुणाची, परत कुठे यायचं, हे पुस्तक सांगत नाही. बुवांनाच विचारावं लागतं. मी विचारलं. मग प्रत्येक स्लाइडवर सर्वांत वर परतीची ती ओळ थोड्या मंद रंगात आणि खाली एकच कडवं दोन ओळींत, असं केलं. बुवा कितीही वेळा परतले तरी मागे-पुढे पळावं लागत नाही. गजराची स्लाइड फाइलच्या शेवटी, ९० क्रमांकाला. बुवांनी मध्येच गजर धरला की 90 टाकून एंटर दाबायचं. पडदा नकोच असेल तेव्हा B.

तयारी चोख होती. शब्द शेवटच्या रांगेतून वाचून पाहिले होते. पण अभंग सुरू झाला आणि तिसऱ्या कडव्याला वेगळंच घडलं. बुवांनी ‘मकरकुंडले तळपती श्रवणी’ म्हटलं, ‘तळपती’वर जरा थांबून ताना घ्यायला लागले, आणि सभागृहाने पुढची ओळ गायलाही घेतली! ‘कंठी कौस्तुभमणी विराजित’ समोरच लिहिलेलं, अक्षर ठळक, मग थांबायचं कशाला? बुवा आधी म्हणतात, मग बाकीचे उचलतात, ही भजनाची रीत पडद्याने मोडली. तबलजींनी ठेका सावरला. बुवांनी हसून हात वर केला, पण पुढच्या कडव्याला ताना घेतल्याच नाहीत. सरळ म्हणून मोकळे झाले.

मंडळींच्या मते कार्यक्रम झकास झाला, कारण सगळे गायले. गर्दीचा आवाज मोठा आला की मंडळ खूश, त्यात गाणाऱ्याला किती जागा उरली हे कोण मोजतं? पण लोकांनाही दोष कसा देऊ? वही न घेता आलेल्या माणसाला पुढचा शब्द दिसला तर तो म्हणणारच. कडवं उशिरा दाखवावं, तर बुवांचे शब्द ऐकताना डोळ्यांसमोर काहीच नाही. ‘कौस्तुभमणी’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो शब्द नीट पकडता येणार नाही. स्लाइड बदलायची ती आधीच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर, हा नियम सगळे एकत्र गातात तिथे बरोबर आहे. आरतीला तो हवाच. म्हणणारा एक आणि उचलणारे शंभर असतील, तिथे तोच नियम नडतो.

पुढच्या वेळेसाठी मी कडव्याची दुसरी ओळ वेगळ्या क्लिकवर ठेवली आहे. पहिली ओळ बुवा सुरू करतानाच दिसेल, दुसरी ते तिच्यावर उतरतील तेव्हा. यात ऑपरेटरला चाल पाठ असावी लागते, नुसती कळ दाबणारा पोरगा बसवून भागत नाही. बुवांना ही युक्ती पसंत आहे. सचिवांना नाही, ते म्हणतात, ओळ अर्धी दिसली की लोक समजतील फाइल बिघडली.