ह्यूस्टनच्या गणपतीसाठी ठाण्यातून कविता, आणि एक कमिटी

ताई ह्यूस्टनला असते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्थापनेआधी म्हणायला आवाहनाची कविता हवी होती. 'तू नौपाड्यात बसून लिही, आमच्या इथे लिहायला बसलं की सगळे रडतात,' असं तिचं म्हणणं. भुजंगप्रयात धरलं, म्हणजे लघु-गुरु-गुरु हा गण चार वेळा, ओळीत बारा अक्षरं. मुलांना शाळेतल्या श्लोकाच्या चालीवर लगेच म्हणता येतं. पहिली ओळ झाली:

गणेशा तुला आज बोलावतो रे

कविता लिहून झाली आणि मग कमिटी सुरू झाली. अजून आठवलं की चिडचिड होते.

कोणीतरी 'बोलावतो' फार घरगुती वाटतं म्हणून परस्पर 'विनंती करतो' घातलं. ओळ चौदा अक्षरांची झाली आणि 'आज'नंतर चाल कोसळली. अशा वेळी वाद घालू नका, दोन्ही ओळी टाळी देत म्हणून रेकॉर्डिंग पाठवा. मी तेच केलं, 'बोलावतो' परत आला.

खरा घोळ पुढच्या कडव्यात:

मसुंदा न येथे, न ताशे, न गाणी

मसुंदा म्हणजे आमची तलावपाळी. ताईला ते वाचून भरून आलं, पण कमिटीतून निरोप आला: सगळे काही ठाण्याचे नाहीत. नागपूरवाल्यांना फुटाळा हवा, कोल्हापूरकरांना रंकाळा. एकाने सगळ्या गावांची यादीच पाठवली, शेवटी प्रायोजकाचं नावही! आठवडे गेले. गावांची गर्दी झाली की ओढ कोणाचीच राहत नाही आणि देव तर बाजूलाच पडतो, हे मी परोपरीने सांगितलं. उत्तर नाही. शेवटी वैतागून लिहिलं:

न वाडा, न वाडी, न ताशे, न गाणी

सगळे खूश. मला मात्र मसुंद्याचीच ओळ आवडते, हे इथे नोंदवून ठेवतो.

तरी कडवं रडगाणंच राहिलं होतं. आवाहन हा सोळा उपचारांतला पहिला. त्यात देवाला 'ये' म्हणायचं असतं, त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं नसतं. तेवढ्यात ताई सहज म्हणाली, दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत, दारातल्या लॉनमध्येच आहेत. खरंच की! तिकडच्या उष्ण भागात लॉनला लावतात ते बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळीच.

इथे अंगणी वाढते तीच दूर्वा

या ओळीला कमिटीने हात लावला नाही. (लॉनवर तणनाशक मारलेलं असेल तर तिथल्या दूर्वा तोडू नका, हे ताईला वेगळं सांगितलं.)

निरांजनाची ओळ काढावी लागली, भाड्याच्या हॉलमध्ये ज्योत चालत नाही. हॉलचे नियम लिहायला बसण्याआधीच विचारून घ्या. आणि तिकडची मुलं रोमन लिपीत वाचतात, त्यात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. कागदाबरोबर स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवा, जरा सावकाश.