कथेची नोंद 4: ‘श्रीमंत’च्या जागी काय?

मसुदा तिसरा, पान पहिलं. वाक्य असं: ‘रेवाचे वडील श्रीमंत होते.’ निवेदन तृतीयपुरुषी, पण नजर रेवाची मैत्रीण निशाची. या एका विशेषणाच्या जागी वेगवेगळे शब्द घालून पाहिले; आजूबाजूचा परिच्छेद मुद्दाम तसाच ठेवला.

‘सुखवस्तू’ घातलं आणि निवेदक एकदम मवाळ झाला. या शब्दात पैसा मोजलेला नसतो, ददात नाही एवढंच कळतं. पण पुढच्याच ओळीत दारात चार गाड्या उभ्या आहेत, त्यामुळे तो खोटा वाटायला लागला. निवेदकाला मुद्दाम झाकपाक करायची असेल तर ही विसंगती कामाची. इथे ती नुसती चूक.

‘धनाढ्य’ने माणूस लांब गेला. ‘आढ्य’ म्हणजे भरलेला, त्यामुळे नजर आकारमानावर जाते. हा शब्द ‘सावकार’, ‘व्यापारी’ यांच्या शेजारी शोभतो आणि गोष्टीतल्या नगरशेठचा वास आणतो. शाळकरी निशाच्या मनात तो येणारच नाही.

‘गर्भश्रीमंत’मध्ये पैसा किती यापेक्षा कधीपासून हे महत्त्वाचं. बहुतेकदा त्यात आदर असतो, क्वचित ‘याला काय कळणार कष्ट’ अशी टोचणी. दुसऱ्या मसुद्यात ‘धंद्यात गर्भश्रीमंत झाले’ असं वाक्य राहून गेलं होतं. जन्मानंतर कुणी गर्भश्रीमंत होत नाही! वडिलांनी दुकानापासून सुरुवात केल्याचं पान 6 वर आहे, म्हणून हा शब्द बाद.

उरला ‘पैसेवाला’. याच्याकडे पैसा आहे, बाकीचं विचारू नका, असा सूर त्यात आपोआप लागतो. निशाच्या आईच्या तोंडी तो चपखल बसतो. निवेदकाच्या वाक्यात आला की मात्र वाचक रेवाच्या वडिलांना भेटण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो.

शब्द कुणाचा आहे हे तपासायला ‘आम्ही’ लावून पाहावं. ‘आम्ही पैसेवाले’ कुणी सरळपणे म्हणत नाही, ‘आम्ही धनाढ्य’ तर विनोदच. पैसा असलेला माणूस स्वतःबद्दल ‘बरं चाललंय’ म्हणतो. म्हणजे यातलं प्रत्येक विशेषण बाहेरून चिकटवलेलं आहे, आणि निवेदनात ते वापरताना चिकटवणारा कोण हे ठरलेलं हवं.

आत्ताचं वाक्य: ‘रेवाचे वडील पैसेवाले आहेत, असं आई म्हणायची.’ क्रियापद ‘म्हणायची’ केल्यावर शेरा आईचा झाला आणि निशाला स्वतःचं मत बनवायला पुढची पानं मोकळी राहिली.

पान 2 वर ‘आलिशान’ तीनदा आलंय. तो घराचा, गाडीचा शब्द, माणसाला लागत नाही. तरी ‘आलिशान कुटुंब’ कुठून शिरलं कोण जाणे. तिथे विशेषण काढून पायाखालचा गालिचा आणि दारातच घुटमळलेली निशा दाखवायची आहे.