बॉटपाशी संपलेली संभाषणे

‘आमचा चॅटबॉट ७२ टक्के संभाषणं स्वतःच निभावतो असं डॅशबोर्ड सांगतो. मग कॉल सेंटरचे फोन कमी का होत नाहीत?’

कारण तो आकडा तक्रार सुटल्याचा नसून संभाषण माणसापर्यंत न पोहोचल्याचा आहे. या क्षेत्रात त्याला कंटेनमेंट म्हणतात. एकूण संभाषणांपैकी किती बॉटपाशीच संपली, एवढेच तो सांगतो. ग्राहकाला उत्तर मिळाले, त्याची बस आली किंवा त्याने वैतागून चॅट बंद केले, तरी त्यात नोंद एकच होते.

ग्राहकसेवेची संभाषणे तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यातले एक संभाषण माझ्या मनातून गेलेले नाही. एका ऑनलाइन दुकानाच्या ग्राहक बाईंनी लिहिले होते, ‘रिफंड अजून आला नाही.’ बॉटने सांगितले की रिफंड ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत जमा होतो. त्यांनी लिहिले, ‘१२ दिवस झाले.’ बॉटने तेच वाक्य पुन्हा दिले आणि आणखी काही मदत हवी आहे का, असे विचारले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. २४ तास उत्तर आले नाही तर तक्रार सुटली असे मानायचे, हा तिथला नियम असल्यामुळे हे संभाषण कंटेनमेंटमध्ये तर मोजले गेलेच, शिवाय ‘निराकरण’ या रकान्यातही गेले. प्रत्यक्षात बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. पण कॉल सेंटरची नोंद मोबाइल क्रमांकावर होती आणि चॅटची नोंद ब्राउझरने दिलेल्या ओळखक्रमांकावर, त्यामुळे त्या दोन नोंदींची गाठ कधी पडलीच नाही.

तुमच्या ७२ टक्क्यांत असे किती जण असतील, हे काढण्याची रीत सोपी आहे. समजायला सोयीचे म्हणून १,००० संभाषणे धरू. त्यातली २८० प्रतिनिधीकडे गेली, ७२० बॉटपाशी संपली. या ७२० पैकी ११० जणांनी स्वागताचा संदेश पाहून काहीच न लिहिता चॅट बंद केले, असे निघाले, तर त्यांना यशातही धरू नये आणि एकूण संख्येतही. उरलेल्या ६१० पैकी १९० जणांनी सात दिवसांत त्याच ऑर्डरसाठी फोन किंवा ईमेल केला असेल, तर ४२० राहतात. म्हणजे खरोखर काही विचारणाऱ्या ८९० जणांपैकी ४२०, सुमारे ४७ टक्के. ही जुळणी ऑर्डर क्रमांकावरून करावी लागते, म्हणून बॉटने संभाषणाच्या सुरुवातीलाच तो विचारून घेणे मला अत्यावश्यक वाटते.

सात दिवसांची मुदतही सरसकट लावता येत नाही. पासवर्ड बदलता आला की नाही हे दहा मिनिटांत कळते, पण ‘आणखी आठवडाभर थांबा’ असे ऐकलेला ग्राहक आठवडाभर थांबतो आणि मगच फोन करतो. तोवर आपण त्याला समाधानी ठरवून मोकळे झालेले असतो. रिफंडच्या बाबतीत तर चॅटमधल्या शांततेवर अजिबात विसंबू नये. पैसे खात्यात जमा झाले की नाही हे पेमेंटच्या नोंदीत दिसते, आणि निराकरणाचा निकष तोच असायला हवा.

कंटेनमेंट हे उद्दिष्ट म्हणून संघावर लादले जाते, तेव्हा नुकसान अधिक होते. ‘प्रतिनिधीशी बोला’ हे बटण तीन मेन्यूंच्या आड गेले की आकडा लगेच वाढतो आणि बॉटच्या उत्तरांत मात्र एका शब्दाचाही फरक पडलेला नसतो. कार्ड चोरीला गेल्याचे सांगणाऱ्याला पहिल्याच वाक्यानंतर माणसाकडे सोपवणे हे बॉटचे उत्तम काम आहे, पण या मोजणीत ते अपयश ठरते. उलटही घडते: ‘ऑर्डर कुठे पोहोचली’ ही माहिती ॲपच्या पहिल्याच पानावर दिली की तो सोपा प्रश्न घेऊन कोणी बॉटकडे येत नाही, अवघड प्रश्नच उरतात आणि ग्राहकांची सोय झालेली असतानाही कंटेनमेंट घसरते. म्हणून हा आकडा मी प्रश्नाच्या प्रकारानुसार वेगळा काढल्याशिवाय वाचत नाही.

चॅटच्या शेवटी ग्राहकांनी दिलेल्या समाधानाच्या गुणांनी ही उणीव भरून निघेल असे अनेकांना वाटते, परंतु चॅट मध्येच सोडून जाणारा माणूस गुण देण्याचा शेवटचा फॉर्म भरायला थांबत नाही.

वरच्या ४२० मध्येही पुन्हा फोन न करता नाद सोडून दिलेले लोक असतातच, आणि ते कोणत्याही जुळणीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मी दर आठवड्याला या उरलेल्या संभाषणांतली ५० कोणतीही निवड न करता उचलतो आणि दोघांना स्वतंत्रपणे पूर्ण वाचायला देतो. ‘या माणसाचे काम झाले का?’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर त्यांनी हो, नाही किंवा सांगता येत नाही असे द्यायचे असते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत की ते संभाषण आम्ही तिघे एकत्र बसून वाचतो.